बसतं

त्रिंबक कुणाला हाक मारत नाही. लांबून माणूस दिसला तरी चालत त्याच्याजवळ जातो आणि मगच बोलतो. घरात ज्या बाईला हाक मारायची, तिलाच जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून ती सवय त्याला कधी लागलीच नाही. लहानपणी आईचं लक्ष वेधायचं तर जमिनीवर पाय आपटायचा, ती लांब असली तर तिच्या पुढ्यात खडा टाकायचा. शाळेत पहिल्याच दिवशी त्यानं गुरुजींच्या पुढ्यात खडा टाकला आणि मार खाल्ला. हे तो हसत सांगतो. आमच्या ऑफिसात त्याला माझ्याशी बोलायचं असलं की माझ्या टेबलावर दोन बोटं आपटतो. सुरुवातीला मला तो उद्धटपणा वाटला होता.

ऑफिस म्हणजे पडेगावच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेतली मागची खोली. शाळेच्या मुख्याध्यापिका सुकेशनी मॅडम यांनी काही वर्षांपूर्वी एक काम काढलं. खेड्यापाड्यांत म्हातारी बहिरी माणसं आहेत. ती कधी शाळेत गेली नाहीत. त्यांच्या खुणा त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीच घडवलेल्या. माणूस गेलं की खुणाही जातात. त्या जाण्याआधी चित्रित करून त्यांचा कोश करायचा, असं ते काम. चित्रफितीखाली मराठी आणि इंग्रजी अर्थ लिहिण्यासाठी सुकेशनी मॅडमनी मला बोलावलं. यजमान गेल्यावर माझे दिवस मोकळेच होते. त्रिंबक तिथं कॅमेरे आणि कॉम्प्युटर सांभाळतो.

तो फुलंब्रीच्या पुढच्या एका वस्तीवरचा. वडील धोंडिबा मेंढरं राखायचे. त्यांना ऐकू यायचं, पण बायकोशी बोलता यावं म्हणून तिच्या खुणा त्यांनी शिकून घेतल्या. त्रिंबक डिप्लोमा करून वाळूजच्या एका कंपनीत सर्व्हरच्या खोलीत कामाला होता. ती नोकरी सोडून तो शाळेत आला. का आलास, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "काकू, तिकडं लई बोलावं लागायचं."

हातांची बोली चित्रित करणं सोपं नसतं. बोट कुठं वळलं, मनगट कधी फिरलं, हे धूसर होऊन चालत नाही. म्हणून तीन बाजूंनी तीन कॅमेरे लागतात आणि दर सेकंदाला नेहमीपेक्षा जास्त चित्रं घ्यावी लागतात. एका म्हाताऱ्याच्या तासाभराच्या गप्पा सिनेमाएवढी जागा खातात. आमचा सर्व्हर म्हणजे एक आडवी लोखंडी पेटी. तिच्या तोंडाशी डिस्क सरकवायचे आठ खण. आठही भरले. आत आणखी डिस्क बसवायला जागा नाही, आणि त्याहून मोठ्या डिस्क घालायच्या तर सगळं उपसून पुन्हा भरायचं. त्रिंबकनं तिसरा मार्ग सुचवला. सर्व्हर आहे तसा ठेवायचा, त्याच्यात एक कार्ड बसवायचं, कार्डातून जाड केबल बाहेर काढायची आणि ती शेजारच्या दुसऱ्या पेटीला जोडायची. त्या पेटीत फक्त डिस्क, पंखे आणि वीज. तिला जेबॉड म्हणतात. नुसता डिस्कांचा घोळका, एवढाच त्या नावाचा अर्थ. कॉम्प्युटरचं डोकं तिच्यात नसतं, सगळा विचार सर्व्हरनं करायचा.

मागणीच्या कागदावर त्यानं डिस्कचा महागडा प्रकार लिहिला होता, सॅस. विश्वस्तांच्या बैठकीत आप्पासाहेबांनी तिथंच बोट ठेवलं. आप्पासाहेब कारखान्यात यंत्रांची देखभाल करून निवृत्त झालेले. स्वतःच्या गाडीतून मुलांना दवाखान्यात नेणारे, शाळेचा नळ गळला तर स्वतः पाना घेऊन बसणारे गृहस्थ.

"त्रिंबक, हे सॅस कशाला? आपल्या सर्व्हरात साध्या साटा आहेत ना?"

"व्हय साहेब, साटाच हायेत."

"मग नव्या पेटीत साटा बसतं का?"

"बसतं."

"सॅसच्या जागेत?"

"व्हय. साटाची डिस्क सॅसच्या जागी बसती. उलटं नाय बसत. साटाच्या तोंडाला मधी फट असती, सॅसला ती जागा भरलेली असती. साटाच्या सॉकेटात सॅस घालायला गेलं की तिथं अडतं."

"पण आपल्याला उलटं करायचंच नाही."

"नाय."

"म्हणजे बसतं."

"बसतं साहेब, पण..."

"चालत नाही का?"

त्रिंबक थांबला. मी त्याच्या शेजारीच बसले होते. त्यानं सुकेशनी मॅडमकडे पाहिलं, मग टेबलाकडे.

"चालतं," तो म्हणाला.

"मग झालं की!" आप्पासाहेब खूश होऊन म्हणाले. "तेवढ्याच पैशात सगळे खण भरतील. तुझ्या सॅसनं अर्धेच भरले असते. काय सुकेशनीबाई?"

सुकेशनी मॅडमच्या पुढ्यात चित्रित करायच्या माणसांची यादी होती. अर्धे खण भरले असते, तर यादी अर्ध्यावर थांबली असती आणि उरलेली माणसं पुढच्या वर्षाच्या देणगीवर गेली असती. यादीतली माणसं सत्तरीच्या पुढची. त्या यादीत सगळ्यांत शेवटचं नाव म्हाळसाबाईंचं होतं, त्रिंबकच्या आईचं. यादी त्यानंच केली होती. स्वतःची आई पुढं घातली असं कुणी म्हणू नये म्हणून त्यानं तिला तळाला टाकलं होतं.

बैठक संपल्यावर मी त्याला विचारलं, "तो 'पण' कशाचा होता रे?"

त्यानं खुर्ची ओढली. "काकू, तुमच्या टायमाला ट्रंक कॉल लावायचे ना? एक्स्चेंजमधी बाई असायची, ती इकडची पिन तिकडं जोडायची?"

"हो."

"ह्या पेटीत तसली बाई असती. एक्स्पांडर म्हणतात. सर्व्हरातनं केबल येती, तिच्यात चार वाटा. डिस्क मात्र चोवीस. मग एक्स्पांडर ज्याला बोलायचंय त्याला वाट जोडून देतं, त्याचं झालं की दुसऱ्याला."

"बरं."

"सॅस डिस्क अन् एक्स्पांडर एकाच भाषेतली. अन् सॅसला दोन तोंडं असतात. ती भरलेली जागा म्हणालो ना, तिथंच दुसऱ्या तोंडाच्या तारा. पेटीत एक्स्पांडरबी दोन. एक बिघडलं तर डिस्क दुसऱ्यातनं बोलती. साटाला तोंड एकच. दुसरं एक्स्पांडर असून नसल्यासारखं."

"आणि भाषा?"

"साटाची निराळी. एक्स्पांडर तिचं बोलणं गुंडाळून पुढं पाठवतं. एरवी कुणाला कळतबी नाय. पण एखादी डिस्क आजारी पडली..." त्यानं हात आडवा केला. "आप्पासाहेब घेणार ती साधी डिस्क, घरच्या कॉम्प्युटरची. घरात ती एकटी असती, म्हणून तिला शिकवलेलंच असतं की वाचता येईना तर सोडू नको, वाचत राहा. ती लई इमानानं वाचत बसती, कुणाला उत्तर देत नाय. इकडं सर्व्हरचं कार्ड वाट बघतं. त्याचा धीर सुटला की ते एक्स्चेंजला सांगतं, ओढ पिन. अन् कधीकधी शेजारच्या भल्याचंगल्या डिस्कांच्याबी पिना निघतात."

"मग हे तू बैठकीत का नाही सांगितलंस?"

"कधीकधी म्हणालो ना काकू. नेहमी होतं असं नाय. लोक चालवतात." मग उठता उठता म्हणाला, "अर्धेच खण भरले असते तर आई राहिली असती."

आणखी एक गोष्ट तो बोलला नाही, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. जुन्या सर्व्हरमधल्या चित्रफितींची एक प्रत सुट्या डिस्कवर घेऊन आप्पासाहेबांच्या घरी ठेवलेली होती. नव्या पेटीतल्या चित्रफितींची दुसरी प्रत ठेवायला कुठंच काही नव्हतं. ते पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं.

पेटी आली, डिस्क आल्या, सगळ्या बसल्या. हिरवे दिवे लागले. आप्पासाहेबांनी पेढे आणले. त्रिंबकनं डिस्कांची मांडणी अशी केली होती की एकाच वेळी कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी बाकीच्यांवरून सगळं परत उभं करता यावं. वर्षभर काही कुरकुर झाली नाही. एकेक करत यादी संपत आली आणि थंडीत म्हाळसाबाईंची पाळी आली.

त्या शाळेत आल्या तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. काटक बाई, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. शाळेतल्या मुलांनी त्यांना गराडा घातला. मुलांची खूण वेगळी, त्यांची वेगळी, तरी दहा मिनिटांत एक मुलगी आणि म्हाळसाबाई पोट धरून हसत होत्या. कशावर, ते आम्हा ऐकणाऱ्यांना कळलं नाही.

चित्रीकरणाला सुकेशनी मॅडम समोर बसायच्या आणि त्रिंबक तिन्ही कॅमेऱ्यांमधून फिरायचा. मेंढी, कोकरू, लांडगा, आभाळ भरून येणं, मेंढरांचा वाडा हलवणं, एकेक खूण झाली. शेवटच्या दिवशी सुकेशनी मॅडमनी त्रिंबकला सांगितलं, की तुझा जन्म कसा झाला ते आईला सांगायला सांग. धोंडिबांचं कळप घेऊन फिरणं चालू असताना वाटेतच कुठंतरी त्रिंबक जन्मला होता. कुठं, कसा, हे त्याला नीट माहीत नव्हतं. वडील सांगायला लाजायचे, आणि आईला विचारायचं कधी सुचलं नव्हतं. वडील चार वर्षांपूर्वी गेले.

म्हाळसाबाई बराच वेळ सांगत होत्या. मी दाराशी बसून पाहत होते. मला अर्थ कळत नव्हता, पण त्यांचा उजवा हात इतका भरभर चालत होता आणि चेहरा इतका बदलत होता की नजर काढवत नव्हती. आणि त्रिंबक बघत नव्हता. डाव्या कॅमेऱ्याचा फोकस सारखा सुटत होता, तो त्याच्याशी झगडत होता. संध्याकाळी मी म्हटलं, "अरे, आईनं केवढं सांगितलं! काय म्हणाल्या?"

"बघतो की निवांत," तो म्हणाला. "आता कुठं जातंय."

त्या घरगुती खुणांचा अर्थ त्यानं सांगायचा आणि मी लिहायचा, असं ठरलेलं होतं. म्हाळसाबाईंच्या आधीच्या चार म्हाताऱ्यांचं काम राहिलं होतं, ते मी क्रमानं करत होते.

होळीच्या सुमाराला म्हाळसाबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. त्रिंबक त्यांना शहरात दवाखान्यात घेऊन आला, तिथं मी भेटायला गेले होते. तरुण डॉक्टर तपासत होते. त्यांनी त्रिंबकला विचारलं, "बोलण्यावर काही परिणाम झालाय का? आधी बोलत होत्या तसं बोलतात का?"

"नाय," त्रिंबक म्हणाला. "आधी ती ह्या हातानं बोलायची."

डॉक्टरांनी तो हात उचलून पाहिला आणि हळूच खाली ठेवला.

घरी आल्यावर म्हाळसाबाई डाव्या हातानं पाणी, भाकरी, दुखतंय, एवढं सांगायला लागल्या. दोन हात लागणाऱ्या खुणा अर्ध्याच व्हायच्या. ओठांची एक बाजू ओघळल्यामुळं चेहराही नीट साथ देईना. त्रिंबक म्हणायचा, "काकू, तोंडात बोळा घालून कुणी बोलावं तसं झालंय तिचं." त्या दिवसांत तो एकदाही घाबरलेला दिसला नाही. तिचं सगळं बोलणं पेटीत आहे, ही त्याची समजूत होती. निवांत वेळ मिळाला की पहिल्यापासून बघायचं, असं तो रोज म्हणायचा आणि रोज दुपारी आईला व्यायाम द्यायला वस्तीवर पळायचा.

एप्रिलच्या शेवटाला शहर भट्टीसारखं तापलं. मी ऑफिसात अर्थ लिहीत बसले होते, आणि एका म्हाताऱ्याचा हात माझ्या पडद्यावर हवेत उचललेला तसाच थांबला. मला वाटलं इंटरनेटचं काही असेल. त्रिंबक पेटीजवळ गेला. एका डिस्कचा दिवा सलग पेटलेला होता, लुकलुकत नव्हता. मग पेटीतले बाकीचे दिवे एकदम विझले, परत लागले, परत विझले. पडद्यावर इंग्रजी ओळी धावायला लागल्या. त्रिंबक त्या ओळींकडे बघत नुसता उभा होता. त्याचे हात थोडे वर आलेले होते. काही म्हणायचं असलं की ते आपोआप वर येतात.

"काय झालं?" मी विचारलं.

"एक डिस्क आडली. कार्डानं रीसेट मारला, पिना ओढल्या." त्याचा आवाज अगदी साधा होता. "पाच डिस्क सुटल्या काकू."

दोन सुटल्या असत्या तर मांडणीनं सांभाळलं असतं.

त्यानं सर्व्हर बंद केला, मग पेटी बंद केली. पेटी आधी चालू करून मग सर्व्हर चालू केला, तोच त्यांचा क्रम आहे. तीन डिस्क परत आल्या. त्यांच्या भरवशावर त्यानं गेलेली जागा नव्या डिस्कवर भरून घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी बाकीच्या प्रत्येक डिस्कचा कण न् कण वाचावा लागतो. सगळ्या डिस्क एकाच दुकानातून, एकाच वेळी घेतलेल्या, एकाच उष्णतेत राबलेल्या. वाचता वाचता आणखी एक अडली. पुन्हा दिवे गेले.

सुकेशनी मॅडमनी जिथून पेटी घेतली होती तिथल्या अतुलला बोलावलं. अतुल चटपटीत, सारखा पाणी पिणारा. त्यानं पाहिलं आणि ओठ चावला.

"सर, एक्स्पांडरमागं साटा म्हणजे... लकी असाल तर वर्षानुवर्षं काही होत नाही."

"दुसऱ्या एक्स्पांडरातून काढता येईल का?" आप्पासाहेबांनी विचारलं. ते रोज यायचे. ताकाची बाटली घेऊन यायचे आणि ती कुणी न पिता तशीच परत न्यायचे.

"साटा तिकडून दिसतच नाही साहेब."

"केबल बदलून?"

"केबलचा दोष नाही."

"कार्ड?"

"साहेब," अतुल म्हणाला, "कार्डानं त्याचं काम केलं."

आप्पासाहेब यंत्रावर वाढलेले. बिघडलेली वस्तू शोधायची आणि बदलायची, हे त्यांचं आयुष्य. इथं बदलण्यासारखं बिघडलेलं काहीच त्यांना सापडेना. ते पेटीच्या पुढं वाकून एकेक डिस्क बाहेर काढून बघत, आत सरकवत. डिस्क टक् आवाज करून नीट बसे. "बसतंय तर छान," ते स्वतःशीच म्हणाले, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन माझ्याकडे बघायला लागले. मी नजर दुसरीकडे वळवली.

"साहेब, तुमचं काय चुकलं नाय," त्रिंबक म्हणाला. "मीच चालतं म्हणालो. मला घाई होती."

"अरे, पण तू 'पण' म्हणाला होतास. मी पुढं ऐकलंच नाही."

"तुम्ही ऐकून सॅस घ्यायला निघाला असता, तर मग मीच मधी आडवा पडलो असतो."

एक वाट अतुलनं सुचवली. डिस्क साटाच्या आहेत, म्हणजे त्या पेटीतून काढून साध्या कॉम्प्युटरला थेट जोडता येतील, मधे एक्स्पांडर नको. सॅस असत्या तर शाळेच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरला त्या लागल्याच नसत्या. एकेका डिस्कची सावकाश प्रत काढायची, जिथं वाचता येणार नाही तो भाग सोडून पुढं जायचं, आणि सगळ्या प्रती झाल्या की त्यांच्यावरून मांडणी पुन्हा उभी करायची. मूळ डिस्कला त्यानंतर हात लावायचा नाही. हे ऐकून त्रिंबकचा चेहरा थोडा उजळला. सुकेशनी मॅडमनी फीच्या पावत्या करायचा कॉम्प्युटर मोकळा करून दिला. आप्पासाहेबांनी कुठूनतरी नव्या डिस्क मिळवल्या. कुणाकडून, ते त्यांनी सांगितलं नाही.

ते काम किती लांबलं! शाळेला सुट्टी लागलेली, आवारात कुणी नाही, नळाला पाणी नाही. टेबलावर सुटी डिस्क, तिच्यावर टेबलफॅनचा वारा सोडलेला. पडद्यावर एक आकडा हळूहळू वाढत जायचा आणि त्याखाली दुसरा, वाचता न आलेल्या जागांचा. त्रिंबक खालच्या आकड्याकडे बघत बसायचा. काही करण्यासारखं नव्हतं. अडलेल्या जागी डिस्कमधून बारीक किरकिर यायची. अशा वेळी तो उठून अंगणात जायचा. मी अर्थ लिहायचं काम घेऊन बसायचे, पण पेटी बंद असल्यामुळं लिहायला चित्रच नव्हतं. मग मी नुसतीच बसायचे. कुणीतरी बसलेलं असावं एवढ्यासाठी.

एकदा सुकेशनी मॅडम आल्या. त्रिंबक अंगणात होता. त्या मला म्हणाल्या, "मी समोर बसले होते हो. सगळं माझ्यासमोर सांगितलं त्यांनी. आणि मला काय कळलं? पाऊस होता एवढं कळलं. आणि कुणीतरी पुढं गेलेलं मागं वळून आलं. बस. मी मान हलवत राहिले, त्यांना वाटलं मला समजतंय."

"हे त्याला सांगितलंत?"

"सांगितलं. त्यानं विचारलं, कोण वळून आलं? बाप्या का बाई? मला सांगता येईना."

बहुतेक प्रती पूर्ण निघाल्या. एक डिस्क शेवटपर्यंत जागी झालीच नाही. एक सगळ्यांत आधी सुटलेली, म्हणून तिच्यावरचं लिखाण बाकीच्यांशी जुळेना. तिसरीच्या प्रतीत ठिकठिकाणी भोकं राहिली. त्रिंबकनं मला समजावलं. दोन डिस्क नसताना मांडणी उभी राहते, पण मग शिल्लक काही उरत नाही. तिसरीत जिथं भोक आहे, तिथं ते भरून काढायला कुणीच नाही. मांडणी उभी राहिली. अतुल म्हणाला, शंभरातलं पंच्याण्णव परत आलं असेल. आप्पासाहेबांनी त्याचा हात हातात घेतला. खरंच, जवळजवळ सगळी म्हातारी माणसं परत आली. माझा तो हात उचललेला म्हाताराही आला आणि त्यानं हात खाली घेतला.

म्हाळसाबाईंची मेंढी आली, लांडगा आला, वाडा आला. शेवटच्या दिवसाची फीत त्रिंबकनं सगळ्यांसमोर लावली. तीनपैकी दोन कॅमेऱ्यांच्या फायली उघडल्याच नाहीत. तिसरी उघडली. डाव्या कॅमेऱ्याची, फोकस सुटणारी. म्हाळसाबाई सांगायला लागल्या. त्रिंबक हळू आवाजात अर्थ सांगत होता आणि मी लिहीत होते.

"मेंढरं पुढं गेली. माझं पोट दुखतंय. मी मागं. हे, म्हंजी माझे वडील, लांब. पाठ दिसती. हाक मारता येत नाय. खडा फेकला, पोचला नाय. पाऊस आला. मी बाभळीखाली बसले. मला वाटलं..."

तिथं त्यांचा उजवा हात छातीपाशी आला आणि त्याचे चौकोनी तुकडे झाले. हिरवे, करडे तुकडे पडद्यावर सांडले. मग चित्र गोठलं. मग पडदा काळा झाला. त्रिंबकनं फीत पुढं सरकवून पाहिली. शेवटाला पुन्हा काही क्षण चित्र होतं. म्हाळसाबाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या आणि सुकेशनी मॅडम मान हलवत होत्या.

सुकेशनी मॅडम उठून बाहेर गेल्या.

त्रिंबकनं ते पुन्हा पुन्हा लावलं. दरवेळी हात छातीपाशी आला की तो पडद्याजवळ सरकायचा. मी म्हटलं, "दिल्ली-पुण्यात प्रयोगशाळा असतात ना, डिस्क उघडून वाचणाऱ्या?" अतुलनं ती मेलेली डिस्क पाठवून पाहिली. तबकडीच खरवडली गेली आहे, असं उत्तर आलं.

पुढच्या रविवारी त्रिंबक लॅपटॉप घेऊन वस्तीवर गेला. मला म्हणाला, तुम्ही या काकू, लिहून घ्यायला कुणीतरी पाहिजे. त्याला अजून वाटत होतं की आई बघेल आणि पुढचं सांगेल.

म्हाळसाबाई पत्र्याच्या सावलीत बाजेवर होत्या. उजवा हात उशीवर ठेवलेला. त्रिंबकनं लॅपटॉप त्यांच्यापुढं धरला. स्वतःला पाहून त्या आधी चकित झाल्या, मग त्यांचा डावा हात आपोआप हलायला लागला. पडद्यावरच्या उजव्या हाताच्या मागोमाग, थोडा उशिरा. बाभळ आली. हात छातीपाशी आला. तुकडे झाले. काळं झालं.

त्यांनी त्रिंबककडे पाहिलं. त्यानं खूण केली, पुढं?

त्यांना कळलं. त्या सांगायला लागल्या. डावा हात वर गेला, खाली आला, छातीवर टेकला, बाजूला गेला. दुसरा हात जिथं असायला हवा तिथं काहीच नव्हतं. ओघळलेला ओठ थरथरत होता. त्या मधेच थांबून पुन्हा पहिल्यापासून सांगायच्या. त्रिंबक त्यांच्यासमोर जमिनीवर बसला होता, पापणी न हलवता. मी पेन धरून तयार होते.

"काय म्हणतायत?" मी शेवटी विचारलं.

"पाऊस," तो म्हणाला. "मग... नाय. कोकरू म्हणती, का मला म्हणती, का रक्त, एकच दिसतंय काकू. वळला का पडला, तेबी एकच." त्यानं आईला पुन्हा खूण केली, परत सांग. त्यांनी परत सांगितलं. त्यानं दोन्ही हातांनी एक खूण करून विचारलं, हे का? त्यांनी मान हलवली, नाही. दुसरी केली. नाही. तिसरी केली. म्हाळसाबाई त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. इतके चांगले दोन हात.

तो आणखी विचारतच होता. त्यांनी डावा हात पदराखाली घेतला आणि डोळे मिटून घेतले.